साळा, साला आणि मच्चान: नागपुरात नव्यानं आलेल्यांसाठी सासरच्या थट्टेचा वाटाड्या

माझ्या घराच्या वरच्या दोन खोल्या मी गेली अनेक वर्षं नोकरीसाठी नागपुरात आलेल्या मुलामुलींना भाड्यानं देते. मिहानमध्ये काम करणारी, बँकेत बदली होऊन आलेली, कुणी कोईम्बतूरची, कुणी रायपूरची, कुणी साताऱ्याची. तर्रीपोह्याची सवय त्यांना आठवड्याभरात होते, उन्हाळ्याचीही वर्षभरात होते. सगळ्यात जास्त घोळ होतो तो लग्न, सासर आणि नवरा-बायको यांवरून चालणाऱ्या थट्टेत. कोणता शब्द प्रेमाचा, कोणता शिवीचा, कुणाला काय म्हटलेलं चालतं, हे कुणी सांगत नाही. ते इथं क्रमानं सांगते.

सुरुवात एका प्रसंगापासून करते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्यातच आहेत.

माझ्या भाच्याचा साखरपुडा सक्करदऱ्याला होता. वर राहणारा कोईम्बतूरचा मुलगा भाच्याचा मित्र झाला होता, म्हणून तोही आला. मुलीचा मोठा भाऊ हौसेनं सगळ्यांना वाढत होता. आमच्या या मुलानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणाला, “काय साले, जेवलास का?” पंगत गप्प झाली. मुलीच्या काकांनी हातातलं ताट खाली ठेवलं. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. आपण नेमकं काय केलं हे त्याला कळेना. रोज त्याचे नागपुरी मित्र त्याला “काय बे साले” म्हणत आणि चहा पाजत. शिवाय त्याच्या तमिळमध्ये मित्राला हाक मारतात ती ‘मच्चान’, आणि मच्चान म्हणजेही मेहुणा. त्याच्या हिशेबानं त्यानं फक्त भाषांतर केलं होतं.

पहिली पायरी: बहीण कुणाची, हे आधी बघा

साला म्हणजे बायकोचा भाऊ. एवढं नातं सांगून शब्द थांबला असता तर काही बिघडलं नसतं. पण ज्याच्याशी असं नातं नाही त्याला साला म्हटलं, की त्यातून निघणारा अर्थ होतो ‘तुझी बहीण माझी आहे’. शिवीचं मूळ इथं आहे, आणि ती लागते ती समोरच्या पुरुषापेक्षा त्याच्या बहिणीला. म्हणून हा शब्द तोंडातून काढण्याआधी एकच गोष्ट पाहायची. समोरच्याची बहीण किंवा तिच्याकडची माणसं तिथं आहेत का? असतील तर शब्द गिळून टाकायचा.

साखरपुड्यात तर ती बहीणच मंचावर बसली होती, नवी साडी नेसून. आणि तो मुलगा खरोखरच साळा होणार होता, पण माझ्या भाच्याचा. वरपक्षाकडून आलेल्या एका परक्या तरुणानं तोच शब्द उच्चारला. मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना कमी लेखण्याची जी जुनी खोड आहे, ती काकांना त्या एका शब्दात ऐकू आली. त्यांचा राग चुकीचा होता असं मी म्हणणार नाही.

आता ऐकण्याची गोष्ट. मराठीत नात्याचा शब्द ‘साळा’ आहे, ळ चा. शिवी आणि वैतागाचा उद्गार हिंदीतून आलेला, तो ‘साला’, ल चा. “साला, काय ऊन आहे!” यात कुणाचाच मेहुणा नसतो, तो नुसता सुस्कारा आहे. म्हणजे मराठी कानाला एका अक्षरावरून नातं आणि शिवी वेगळी कळते. अडचण अशी, की बाहेरून आलेल्या पुष्कळांना ळ जमत नाही, आणि वऱ्हाडी बोलीत ळ चा य होतो. डोळ्याचा डोया, शाळेची शाया, तसा साळ्याचा ‘साया’ही ऐकू येतो. ळ नीट येत नसेल तर नात्यातही हा शब्द वापरू नका. ‘मेहुणा’ म्हणा. तो कुठंच लागत नाही.

दुसरी पायरी: शब्द कोणत्या भाषेतून आला, ते ओळखा

मित्राला मेहुणा म्हणणं तमिळमध्ये ‘मच्चान’, मल्याळममध्ये ‘अळिया’ आणि दोन्हींकडे ते जवळिकीचं. उत्तरेत तेच नातं शिवी का झालं? माझ्या समजुतीप्रमाणे याचं उत्तर लग्नाच्या चालीत आहे. दक्षिणेत अनेक समाजांत मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्न होतं. मेहुणा हा आधीपासूनच घरातला, लहानपणी सोबत खेळलेला, बरोबरीचा. उत्तरेत मुलगी परक्या घरी, परक्या गावी जाते, आणि मुलगी देणारं घर घेणाऱ्या घरापेक्षा खालचं मानलं जातं. तिथं ‘तू साला’ म्हणजे ‘तू देणारा, मी घेणारा’.

महाराष्ट्र या दोहोंच्या मधे पडतो. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर जे पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी महाराष्ट्र मधल्या पट्ट्यातच धरला आहे. इथं मामाच्या मुलीशी लग्न पुष्कळ समाजांत चालतं, आत्याच्या मुलीशी सहसा नाही. याची खूण आपल्या शब्दातही राहिली आहे. मराठीत ‘मेहुणा’ दोन्ही बाजूंनी चालतो. बायकोचा भाऊही मेहुणा आणि बहिणीचा नवराही मेहुणा. हिंदीत मात्र एक साला आणि दुसरा जीजा, आणि दोघांच्या मानात जमीन-अस्मानाचा फरक. आमच्याकडे खेड्यातून आलेल्या घरांत बहिणीच्या नवऱ्याला ‘भाटवा’ म्हणतात, शहरात भाऊजी किंवा सरळ जीजाजी.

नागपूर तर या मधल्या पट्ट्याचंही टोक. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा जोड प्रांताची राजधानी होतं. इतवारीत एका दुकानात मालक मारवाडी, कारकून वऱ्हाडी, हमाल छत्तीसगढी असतो आणि तिघं एकमेकांशी तीन तऱ्हेच्या हिंदीत बोलतात. त्यामुळे एकाच टेबलावर एका शब्दाचे दोन अर्थ बसलेले असतात.

मामाच्या मुलीचंच बघा. मराठी पोरगा मित्राला चिडवतो, “मामाची पोट्टी आहे ना तुझ्यासाठी, मग काहून टेन्शन घेतो?” मराठी मित्र लाजून हसतो. हेच वाक्य कानपूरच्या सहकाऱ्याला म्हणाल तर तो दुखावेल, कारण त्याच्याकडे मामाची मुलगी ही बहीण. हिंदू विवाह कायदा, १९५५ यानंही अशा जवळच्या नात्यातलं लग्न मुळात मना केलं आहे आणि दोघांच्या समाजात तशी रूढी असेल तरच सूट दिली आहे. म्हणून मामाच्या मुलीवरून कुणाला चिडवायचं असेल, तर आधी त्याच्याकडे तशी चाल आहे का ते माहीत हवं.

तिसरी पायरी: थट्टेचा हक्क कुणाला आहे

ही पायरी नीट समजली तर बाकीच्या आपोआप चढता येतात. आपल्याकडे काही नाती थट्टेची आणि काही अदबीची. भावजय आणि धाकटा दीर, मेहुणा आणि मेहुणी, नणंद आणि भावजय, ही थट्टेची. सून आणि सासरा, सून आणि भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, ही अदबीची. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली अशा थट्टेच्या नात्यांवर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की या नात्यात एकाला चिडवण्याची मुभा असते आणि दुसऱ्यानं राग न धरण्याचं बंधन असतं. मुभा आणि बंधन दोन्ही चालीनं दिलेलं असतं, ते आपल्या मनावर नसतं.

लग्नातली कानपिळी हे याचं उत्तम उदाहरण. मुलीचा भाऊ भर मांडवात नवरदेवाचा कान पिळतो. ज्या जावयाला त्या दिवशी विष्णू मानून पाय धुतलेले असतात, त्याचा कान! आणि नवरदेवाला रागावता येत नाही, उलट मेहुण्याला कपडे, अंगठी, जे ठरलं असेल ते द्यावं लागतं. वर्षभर ‘साळा’ म्हणून जो दबलेला असतो, त्याला तेवढ्यापुरता वरचा हात मिळतो.

नव्यानं आलेल्यानं यातून काय घ्यायचं? तुम्ही पाहुणे आहात, तुम्हाला यातलं कुठलंच नातं नाही, म्हणून थट्टेचा हक्कही नाही. मित्र त्याच्या वहिनीला जे म्हणतो ते तुम्ही म्हणायचं नाही. तुम्ही तिला वहिनी म्हटलंत तरी दीर होत नाही. सुरुवातीचे काही महिने फक्त ऐका. कुणीतरी तुम्हाला नात्यानं हाक मारील, “काय हो भाऊजी, आज डबा नाही आणला का?” असं चिडवील, तेव्हा समजा की दार उघडलं. मग उत्तरादाखल थोडी थट्टा चालेल. पहिलं वाक्य नेहमी त्यांचं.

मेहुणीच्या थट्टेबद्दल मात्र थांबून सांगते. ‘साली आधी घरवाली’ ही हिंदी म्हण इथं बिनदिक्कत ऐकू येते. लग्नात मेहुण्या जोडे लपवतात, पैसे मागतात, हा खेळ आता मराठी लग्नांतही आला आहे आणि तो गोड आहे. पण ही म्हण त्या खेळातली नव्हे. ती मुलीवर हक्क सांगते. घरात ती मुलगी हसते, कारण हसण्यावाचून तिला दुसरी वाट नसते. कार्यालयात तर एखाद्या सहकारी स्त्रीविषयी असं बोललात, तर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लागू होऊ शकतो. अश्लील सूचक बोलणं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

चौथी पायरी: तुम्ही बिनलग्नाचे असाल तर

इथं लग्न न झालेल्या माणसाला गप्प बसू देत नाहीत. “लगन कधी?”, “लाडू कधी चारतो?”, “दोनाचे चार कधी होणार?” हे प्रश्न हवापाण्याच्या चौकशीसारखे येतात. “बघू” एवढं पुरे. “तुम्हीच बघा एखादी” असं गमतीनं म्हणू नका. नागपूरच्या काकू-मावश्या हे वाक्य खरं धरतात आणि पुढच्या रविवारी बायोडेटा घेऊन येतात. माझ्या एका भाडेकरूला असे चार नकार द्यावे लागले, आणि त्या चारही घरांशी माझं बोलणं महिनाभर अवघडलं.

शब्द बरेच आहेत. सडाफटिंग म्हणजे मागे-पुढे कुणी नसलेला, यात थोडी असूयाही असते. ‘एकटा जीव सदाशिव’ प्रेमानं म्हणतात. ‘गुडघ्याला बाशिंग’ हे लग्नाची घाई झालेल्यासाठी. बाशिंग कपाळाला बांधायचं, पण याला इतकी घाई, की दिसेल तिथं बांधलं. पंजाबी सहकारी ‘छडा’ म्हणेल, गुजराती ‘वांढो’, आणि वांढोमध्ये ‘वय उलटत चाललं’ अशी टोचणी आहे. बंगाली घरात लग्नाआधी ‘आयबुडो भात’ म्हणून बिनलग्नाचं शेवटचं जेवण प्रेमानं वाढतात. तिथं तोच भाव आशीर्वादासारखा येतो. इंग्रजीतला बॅचलर तर नागपुरात भाड्याच्या खोलीचा शब्द झाला आहे. ‘बॅचलरला मिळणार नाही’ या पाटीत लग्न झालंय की नाही हा प्रश्न कमी, आणि रात्री गोंधळ कराल का, ही शंका जास्त असते.

दोन शब्द मात्र कधीच वापरू नका. एक ‘घोडनवरी’. घोडनवरा पुरुष आपसांत म्हणून घेतात, पण उशिरा लग्न होणाऱ्या किंवा न करणाऱ्या बाईला घोडनवरी म्हणणं हा उघड अपमान आहे. दुसरा ‘मुंजा’. मुंज झालेला आणि सोडमुंज होण्याआधी गेलेला मुलगा पिंपळावर मुंजा होऊन राहतो, अशी समजूत आहे. थोराड मुलाला “काय मुंजा” म्हणून चिडवतात, पण आत मरणाची गोष्ट आहे. त्याच्या आईसमोर हा शब्द आला तर तिच्या काळजात चर्र होतं.

पाचवी पायरी: जावई, सासर आणि तुरुंग

वर्धा रोडवरून मध्यवर्ती कारागृहाकडे बोट दाखवून कुणी “तो सासुरवाडीला गेला” म्हणालं, तर अभिनंदन करू नका. हिंदीत ससुराल, तमिळमध्ये ‘मामियार वीडु’ म्हणजे सासूचं घर, दोन्हीकडे अर्थ तुरुंग. आयतं जेवण, आणि बाहेर पडणं आपल्या हातात नाही. मराठीत याहून जुनी गंमत ‘चतुर्भुज होणे’ यात आहे. लग्न झालं की दोनाचे चार हात, म्हणून चतुर्भुज. आणि मुसक्या बांधून नेलेल्या माणसालाही चतुर्भुज केलं म्हणतात. वर्तमानपत्रात ‘आरोपी चतुर्भुज’ वाचून साताऱ्याच्या नव्हे, पण रायपूरच्या माझ्या भाडेकरूला चोराचं लग्न लागलं असं वाटलं होतं. इंग्रजीत बायकोला ‘बॉल अँड चेन’ म्हणतात, कैद्याच्या पायातली साखळी आणि लोखंडी गोळा. फरक पाहण्यासारखा आहे. आपल्या थट्टेत कैद सासरच्या घराची, त्यांच्या थट्टेत बायको स्वतःच बेडी. म्हणून इंग्रजीतला तो शब्द मराठी घरात जास्त बोचतो.

जावयावर सगळ्यात जुना विनोद संस्कृत आहे: सदा वक्र, सदा क्रूर, सदा पूजा मागणारा, कन्याराशीला कायम बसलेला, जामात हा दहावा ग्रह. कन्याराशी म्हणजे मुलगी, हा त्यातला श्लेष. हा श्लोक सासऱ्यानं जावयासमोर म्हटला तरी चालतो, कारण त्यात तक्रारीबरोबर मानही आहे. ‘घरजावई’ मात्र जपून. नागपुरात नोकरीमुळे सासरी राहणारे पुष्कळ आहेत, आणि तो शब्द त्यांच्या मिळवतेपणावर बोट ठेवतो.

आणि ‘सरकारी जावई’ हा शब्द तोंडी आणूच नका. कैद्याविषयी तो गमतीनं चालत असेल, पण आरक्षणातून शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या माणसांना हिणवण्यासाठीही तो वापरला जातो. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी नवा मार्ग धरला, तिथं हा शब्द विनोद म्हणून खपत नाही, आणि खपूही नये.

सहावी पायरी: नवरा-बायकोचे विनोद

सकाळी मोबाइलवर येणारे विनोद एका साच्याचे असतात. बायको बोलते, नवरा भितो, माहेरी गेली की सुटका. अशा विनोदाला ‘ताटाखालचं मांजर’, ‘जोरू का गुलाम’, इंग्रजी ‘हेनपेक्ड’ हे शब्द चिकटलेले असतात. पुढे ढकलण्याआधी मी एक गोष्ट करून बघायला सांगते. विनोदातली बायको काढून तिथं सासू, आई किंवा बहीण घाला. विनोद तरीही टिकला, म्हणजे तो स्वभावावर आहे. एकदम घाणेरडा वाटू लागला, म्हणजे तो अपमान होता आणि ‘बायको’ या शब्दाच्या आड लपला होता.

चांगल्या थट्टेचा नमुना घरातच आहे, तो म्हणजे उखाणा. पूर्वी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. घ्यायचं तर यमकात गुंफून, सगळ्यांसमोर. त्या दोन ओळींत तिला चिमटा काढायची पूर्ण मोकळीक. आमच्या गल्लीतल्या नव्या सुनेसाठी मी रचून दिलेला हा एक:

बर्डीवरून आणली संत्री, सोलायला बसलो दोघं,
…रावांनी खाल्ल्या फोडी, माझ्या वाट्याला सालं बघं!

नवरा समोर आहे, हसतो आहे, आणि पुढच्या फेरीत त्यालाही उत्तर द्यायची संधी आहे. ज्याच्यावर विनोद आहे तो हजर असावा आणि त्याला बोलता यावं, एवढं असलं की थट्टा बहुधा लागत नाही. फॉरवर्डमध्ये यातलं काहीच नसतं.

बिघडलं, हे कसं ओळखायचं आणि मग काय करायचं

फक्त पुरुष हसले आणि बायका ग्लास उचलायला उठल्या, तर समजा बिघडलं. “हो का?” एवढंच उत्तर आलं, तर बिघडलं. तुम्हाला अरे-तुरे करणारे अचानक अहो-जाहो करू लागले, तर बरंच बिघडलं. अशा वेळी “आमच्याकडे चालतं” हे समजावत बसू नका. ज्याला लागलं त्याच्याकडे जा, त्याला योग्य नात्यानं हाक मारा आणि चुकलं म्हणा. शब्दानं जे नातं मोडलं, ते शब्दानंच परत लावायचं.

साखरपुड्यात मी त्या मुलाला कोपऱ्यात नेऊन दोन वाक्यांत अर्थ सांगितला. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो सरळ मुलीच्या काकांकडे गेला, वाकून नमस्कार केला आणि मोडक्या मराठीत म्हणाला, “काकाजी, चुकलो. आमच्याकडे मित्राला मच्चान म्हणतात, मला वाटलं हे तेच.” मग मुलीच्या भावाला “दादा” म्हणाला. काकांनी विचारलं, “मच्चान म्हणजे काय बाप्पा?” त्यानं सांगितलं. काकांनी ताट उचललं आणि त्याला शेजारी बसवलं.

लग्नात कानपिळी झाली. मुलीच्या भावानं माझ्या भाच्याचा कान पिळला, अंगठी घेतली आणि मग मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या या कोईम्बतूरच्या मुलाकडे वळला. त्याचाही कान धरला आणि म्हणाला, “मच्चान, आता तुझी पाळी. काढ अंगठी.”